‘बरी आहे’ हे शब्द मागे घेण्याबाबत

आमच्या समोरच्या दारातल्या बाईला मी टाचणी म्हणते. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक आहे; या जिन्यात मी बोललेली गोष्ट दुसऱ्या दिवशीपर्यंत गुपित राहिलेली नाही. मला लोक भोंगा म्हणतात, तेव्हा हिशेब चुकता.

टाचणी कपडे दुरुस्त करते. पँट आखूड करणे, चेन बदलणे, लग्नात घट्ट झालेली जाकिटे सैल करणे. दाराशेजारच्या खोलीत मशीन, भिंतीला आरसा आणि खुंटीला टेप. काम करताना तिच्या ओठांत पाचसहा टाचण्या कायम. दुसऱ्या बायका मिठाची गुळणी धरून गप्प बसतात, हिने टाचण्यांची धरलेली. त्यामुळे तिचं संभाषण म्हणजे दोन शब्द.

“काय गं, कसं काय?”

“बरं आहे.”

“नवरा?”

“बरा आहे.”

“मुलगी?”

“बरी आहे.”

संपलं. अकरा वर्षांत मी या बाईकडून याहून जास्त माहिती काढू शकले नाही, आणि मी पोस्टमनकडून त्याच्या सासूचं ऑपरेशन काढलेली बाई आहे.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत. त्यांना आम्ही लिफ्टवाले भावजी म्हणतो. आमच्या इमारतीला मात्र लिफ्ट नाही, त्यावर माझे सगळे विनोद करून झालेत. आणि एक मुलगी, सतरा वर्षांची. लहानपणी गालांचे नुसते गोळे होते, म्हणून मीच तिचं नाव गुबी ठेवलं. गुबगुबीत म्हणून गुबी. अख्ख्या जिन्यात तेच नाव चाललं. तेव्हा ती हसायची. निदान मला तरी ती हसताना दिसायची.

मग दोन वर्षांत गुबी वाळत गेली. आधी सगळे म्हणालो, “वा, काय छान दिसतेस!” त्यात मी सगळ्यांत पुढे. मग म्हणालो, अभ्यासाचा ताण. मग काहीच म्हणेनासे झालो. पहाटे दूध घ्यायला दार उघडलं की ती जिना चढत-उतरत असायची. चार मजले वर, चार खाली, पुन्हा वर. माझ्याकडे न बघता ओठांतल्या ओठांत आकडे मोजायची. एकदा दुसऱ्या मजल्यावर भोवळ येऊन पडली. मी पाणी घेऊन धावले तर म्हणाली, “काकू, आईला सांगू नका हं. मी बरी आहे.”

मी सांगितलं नाही. आयुष्यात एकदाच तोंड बंद ठेवलं आणि तेही नको तिथे.

त्यानंतर काही महिन्यांनी गुबी दिसेनाशी झाली. विचारलं तर टाचणी म्हणाली, “मावशीकडे गेलीय.” झालं काय, की तीनच दिवसांनी मावशी स्वतः माझ्या दारात उभी. “अहो, समोर कुणी दार उघडत नाही. गुबी कशी आहे?” मी मावशीला पाणी दिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, मावशी इथे, तर मग गुबी कुठे? पण त्या दिवशी संध्याकाळी टाचणी मशीनवर बसलेली दिसली, पाठ इतकी ताठ, की माझ्यासारखीचीसुद्धा विचारायची हिंमत झाली नाही.

मग एका मंगळवारी सकाळी टाचणीने माझं दार वाजवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ओठांत टाचण्या नव्हत्या आणि हातात एक पत्र होतं.

“ताई, तुम्ही ऑफिसात टायपिस्ट होतात ना. हे वाचून सांगता?”

पत्र विमा कंपनीचं होतं. भावजींच्या कंपनीकडून घरातल्या तिघांचा आरोग्यविमा होता, आणि गुबी गेले तीन आठवडे हॉस्पिटलात, खाण्याच्या विकारांच्या वॉर्डात भरती होती. ॲनोरेक्सिया, तोही गंभीर. मावशीबिवशी सगळी थाप. कंपनीने आजवरचे दिवस मंजूर केले होते. डॉक्टरांनी आणखी आठ आठवडे मागितले, ते नाकारले होते. मंजुरी येत्या शुक्रवारपर्यंत. पुढचं “वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही”, कारणं तीन. एक, वजन वाढलं आहे. दोन, नाडी आणि रक्ताचे अहवाल सामान्य आहेत. तिसरं कारण मी मोठ्याने वाचायला लागले आणि मध्येच थांबले.

“काय आहे?” टाचणी म्हणाली.

“लिहिलंय... रुग्णाच्या आईने आमच्या प्रतिनिधीला दूरध्वनीवर सांगितले आहे की मुलगी बरी आहे व जेवत आहे. सबब पुढील उपचार घरी राहून, बाह्यरुग्ण विभागात घेणे शक्य आहे.”

“मी?” तिचा हात गळ्याशी गेला. “मी कधी सांगितलं?”

“कुणाचा फोन आला होता का?”

ती माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. मग म्हणाली, “एक मुलगी होती फोनवर. गोड बोलत होती. म्हणाली, मॅडम, मुलीची तब्येत कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे. म्हणाली, जेवते का? म्हटलं, हो, जेवते. ताई, कुणी परक्याने ‘कशी आहे’ विचारल्यावर माणूस दुसरं काय म्हणतं?”

दुसरं काहीच म्हणत नाही. मरायला टेकलेला माणूससुद्धा “बरंय, तुमचं काय?” म्हणतो. आपल्याकडे ते उत्तर नसतंच, दार लोटून घ्यायची ती पद्धत असते. पण त्या गोड मुलीपुढे फॉर्म होता आणि फॉर्मात एक चौकोन होता. तिने चौकोन भरला.

मी म्हटलं, “चल.”

“कुठे?”

“हॉस्पिटलात. कुठे म्हणजे काय? मशीन झाकून ये.”

हॉस्पिटलात तळमजल्यावर विम्याचं टेबल आहे. तिथल्या बाईंना मी लगेच नाव दिलं, फाइलबाई. नाकावर चष्मा, चष्म्याला दोरी, दोरीला गाठी. तिने पत्र वाचलं, तिसऱ्या कारणाला पेन्सिलने गोल केला आणि टाचणीकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच टाचणीच्या पुढे सरकले.

“दर महिन्याला एक तरी आई हे करते,” फाइलबाई म्हणाली. “बरी आहे, छान आहे, आपल्या कृपेने ठीक. आणि ते रेकॉर्ड होतं बरं का सगळं. तुम्ही कोण?”

“शेजारीण.”

“शेजारणींची सही लागत नाही,” ती म्हणाली आणि अपिलाचे कागद काढले. “पेशंट आत असताना नाकारलंय, म्हणजे तातडीचं अपील करता येतं. बहात्तर तासांत त्यांना उत्तर द्यावं लागतं. पत्र डॉक्टरांचं, त्यात तिन्ही कारणांना एकेक करून उत्तर. सोबत आईचं लेखी निवेदन, कारण तिसरं कारण आईचं आहे. आणि पॉलिसी ज्यांच्या नावावर त्यांची सही. उद्या दुपारी चारपर्यंत मला सगळं हवं.”

“ते सही करतील का माहीत नाही,” टाचणी हळूच म्हणाली.

वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. दाराला आतून-बाहेरून कुलूप, बेल वाजवली की नर्स काचेतून बघते आणि मग उघडते. मला आत सोडलं नाही, पण दारातल्या काचेचं भोक माझ्यासाठी पुरेसं आहे. आत एक लांब टेबल होतं. पाच मुली, एक मुलगा, आणि मध्ये बसलेली नर्स. जेवण संपायला अर्धा तास ठरलेला. जेवणानंतर तासभर कुणी उठायचं नाही, बाथरूमला कुलूप. टेबलाच्या टोकाला गुबी. मी आधी ओळखलंच नाही. ताट रिकामं करत होती हे खरं, प्रत्येक घास नर्सच्या डोळ्यांसमोर. पण टेबलाखाली तिचा उजवा पाय चालला होता. टाच वर, खाली, वर, खाली, थांबायचं नावच नाही. माझा जिना तिने टेबलाखाली नेला होता.

लिफ्टवाले भावजी कामावरून परस्पर आले होते. बाहेरच्या बाकावर बसून होते, मांडीवर हत्यारांची पिशवी.

“आणू या घरी,” ते टाचणीला म्हणाले. मी आहे हे त्यांनी मनावर घेतलं नाही. “रोज फोनवर रडते. बाबा मी बरी आहे, बाबा मला न्या. इथे कोंडलंय तिला. ताट रिकामं करते म्हणतात ना? मग घरी करेल. तू बस समोर.”

“मी बसले होते समोर,” टाचणी म्हणाली.

एवढंच. पण भावजींची मान खाली गेली. त्या घरात ‘समोर बसण्याच्या’ आठ महिन्यांत काय झालं होतं, ते मला पुढे कळलं.

ते सांगितलं मोठ्या डॉक्टरीणबाईंनी. बुटक्या, खोकल्याने बेजार, खिशात तीन पेनं आणि एकही चालत नाही. त्यांनी आम्हा तिघांना बसवलं. मीही बसले, उठ म्हणायला कुणाकडे वेळ नव्हता.

“आधी वजन,” त्या म्हणाल्या. “वाढलंय. पण सुरुवातीच्या दिवसांत वाढतं त्यात पाणी बरंच असतं. ज्या टप्प्याला शरीर सावरतं, मेंदू नीट विचार करायला लागतो, त्या टप्प्यापासून ती अजून फार दूर आहे. दुसरं नाडीचं. त्यांनी बघितली दुपारची नाडी, जागी असताना, पाय हलवत असताना. रात्री झोपेत ती चाळिसाच्या खाली जाते. सकाळी उठून उभी राहिली की रक्तदाब घसरतो. तो तक्ता त्यांना पाठवला होता, कुणी उघडला नाही. आणि रक्ताचा अहवाल सामान्य आहे कारण आम्ही फॉस्फेट देतोय. उपाशी शरीराला एकदम अन्न दिलं की रक्तातलं फॉस्फेट कोसळतं, हृदयावर बेततं. पहिल्या आठवड्यात कोसळलं होतंच. कुबडीवर उभ्या माणसाला ‘बघा, उभा आहे’ म्हणून कुबडी काढून घ्यायची, असा प्रकार आहे.”

“पण खाते ना?” भावजी म्हणाले.

“आमच्यासमोर. मागच्या रविवारी नर्सला दहा मिनिटं उशीर झाला, तर अर्धं जेवण तिच्या बाहीत निघालं. घरी आठ महिने बाहेरून उपचार झाले, काय झालं? नंतर सहा आठवडे दिवसभराच्या केंद्रात पाठवलं, संध्याकाळी घरी. काय झालं?”

भावजींनी हत्यारांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

“हे सगळं मी लिहीन,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि मागेन, की तपासायला याच आजाराचा डॉक्टर द्या. पहिला नकार कुणी दिलाय बघा, हाडांचे डॉक्टर.” सही दाखवली. “पण त्यांच्याकडे आईचा आवाज आहे, बरी आहे म्हणणारा. त्याला उत्तर मी नाही देऊ शकत.”

मग गुबीला बाहेर आणलं, दहा मिनिटं. पत्रात काय आहे ते नर्सने तिला सांगितलं होतं. अंगात दोन स्वेटर. ती बापाशेजारी बसली आणि त्यांच्या बाहीचं टोक धरलं.

“बाबा, सही करू नका.”

“अगं, डॉक्टर म्हणतात...”

“मी बरी आहे. विमावाल्यांनीपण सांगितलं ना, मी बरी आहे. आईने पण सांगितलं.” तिने आईकडे पाहिलं. “तूच सांगितलंस ना फोनवर? मग?”

टाचणीची गत अशी: इकडे आड, तिकडे विहीर आणि मध्ये स्वतःची लेक, हात पसरून. फोनवर खोटं बोलली म्हणावं, तर मुलगी म्हणणार, आई परक्यांशी खोटं बोलते. खरं बोलली म्हणावं, तर शुक्रवारी घरी.

“या घराण्यात हा शब्द अंगावरच्या तिळासारखा उतरतो की काय?” डॉक्टरीणबाई पुटपुटल्या.

भावजी उठून जिन्याशी गेले. त्या मजल्यावर लिफ्ट होती, ते तिच्या दारासमोर उभे राहिले. माणूस कुठेही गेला तरी आपल्याच धंद्यापाशी जाऊन थांबतो. मी मागोमाग गेले. कुणीतरी जायला हवं होतं आणि जाणं हा माझा स्वभाव.

“भावजी, एक विचारू? लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली, आत माणसं ओरडतायत. तुम्ही पहिलं काय सांगता?”

ते चिडले. “आता हे काय? सांगतो, आहात तिथेच थांबा, दार उघडू नका.”

“का?”

“का म्हणजे? मधल्या फटीतून बाहेर पडायला जातात आणि खालच्या खड्ड्यात...” ते थांबले. लिफ्टच्या बटनावर ठेवलेलं बोट तिथेच राहिलं. “लोक शिव्या देतात,” मग म्हणाले. “आतून. आई-बहिणीवरून देतात. मी बाहेरून नुसता बोलत राहतो. येतोय, येतोय, थांबा.”

परत गेले आणि फाइलबाईच्या कागदावर सही केली. गुबीने पुन्हा त्यांची बाही धरली होती; ती तिने सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि टाचणी पुन्हा फाइलबाईच्या टेबलाशी. आईचं निवेदन. मी टायपिस्ट, तेव्हा मोठ्या उत्साहाने रात्रभर डोक्यात जुळवलेलं उतरवलं होतं. ‘माननीय महोदय, पोटच्या गोळ्यासाठी एका अभागी मातेचा आक्रोश...’

फाइलबाईने पहिली ओळ वाचली. “आक्रोश कुठल्या कलमात बसतो?”

“भावना आहे ती.”

“भावना मंजूर होत नाहीत. तारखा होतात. काय पाहिलं, कधी पाहिलं, किती वेळा पाहिलं. बास.” आणि माझी दोन पानं तिने घडी करून चहाच्या कपाखाली ठेवली.

टाचणीसमोर कोरा कागद. पेन हातात. वीस मिनिटं. तिने तारीख लिहिली, नाव लिहिलं, आणि ‘माझी मुलगी’ लिहून थांबली.

“मला आठवत नाही, ताई. मी बघितलंच नाही. मी तोंड फिरवून बसले होते, तारखा कुठून आणू?”

मी म्हटलं, पहाटेच्या जिन्याच्या तारखा माझ्याकडे आहेत, दूधवाल्याच्या कार्डावर मी खूण करून ठेवली आहे. फाइलबाई म्हणाली, “त्या घ्या. पण शेजारणीने पाहिलेलं ही पुरवणी. आईचं हवं.”

टाचणीने पेन खाली ठेवलं. मग पिशवीत हात घातला आणि एक जाड, तेलकट पुठ्ठ्याची वही काढली. तिची मापांची वही. गिऱ्हाइकांची नावं, छाती, कंबर, उंची, तारीख, आणि समोर ‘आत’ किंवा ‘बाहेर’. शिवण आत घ्यायची की सोडायची.

तिने शेवटून पानं उलटली. वर लिहिलं होतं, ‘घरचं’. त्याखाली तारखा. एकाखाली एक. प्रत्येकीसमोर आकडे, आणि आकड्यांपुढे एकच शब्द. आत. आत. आत. आत.

“ती कपडे आणून द्यायची,” टाचणी म्हणाली. “आई, सैल होतंय, आत घे. मी घ्यायची. जवळजवळ दर महिन्याला. अंगावर घालून टाचण्या लावायची. हाडाला टाचणी लागायची ताई, कापडाऐवजी. तरी मी ओठांत टाचण्या धरून गप्प. बोलायला तोंड कुठे रिकामं होतं? तिला बरं वाटावं म्हणून नीट शिवून द्यायची. मीच तिला मापात बसवत गेले.”

ते आकडे मी इथे लिहीत नाही. ते कुणाच्या दृष्टीस पडू नयेत. पण बावीस ओळी होत्या, हे सांगते.

फाइलबाईने चष्मा काढला. दोरीच्या गाठी बोटांनी चाचपल्या. मग एकदम खरखरीत आवाजात म्हणाली, “झेरॉक्स काढते. प्रत्येक पानावर सही करा. आणि आता लिहा. मी सांगत नाही, तुम्हीच लिहा.”

टाचणीने जे लिहिलं ते असं होतं, मी टाइप केलं म्हणून पाठ आहे:

‘मी अमुक तारखेला आपल्या प्रतिनिधीला फोनवर मुलगी बरी आहे असे म्हणाले. ते मी सगळ्यांनाच म्हणते. शेजारणीला दोन वर्षे म्हणत आले, नातेवाइकांना ती मावशीकडे आहे म्हणाले. ते खरे नव्हते. मुलगी बरी नाही. मी शिवणकाम करते. दोन वर्षांत मी तिचे कपडे बावीस वेळा आत घेतले, त्याची नोंद सोबत आहे. त्यातल्या शेवटच्या नऊ नोंदी बाहेरून उपचार आणि दिवसाचे केंद्र चालू असतानाच्या आहेत. मी तिच्यासमोर ताट ठेवून बसत होते, तेव्हाही. ती घरी आली तर ती पुन्हा कपडे आणून देईल आणि मी पुन्हा आत घेईन की नाही, याची मला खात्री नाही. म्हणून तिला इथे ठेवावे. बरी आहे हे शब्द मी मागे घेते.’

“शेवटचं वाक्य कायद्यात बसत नाही,” फाइलबाई म्हणाली. “राहू द्या.”

डॉक्टरीणबाईंचं पत्र चार पानी होतं. वर पॉलिसीचा नंबर, नकाराची तारीख, आजाराचं नाव. मग तिन्ही कारणं त्यांच्याच शब्दांत उतरवून प्रत्येकाखाली उत्तर: झोपेतल्या नाडीचा तक्ता, उभं राहिल्यावरचा रक्तदाब, पहिल्या आठवड्याचं फॉस्फेट, बाहीत सापडलेल्या जेवणाची नर्सची नोंद, आणि आधी करून फसलेले दोन उपाय. मग आठ आठवड्यांत काय करणार: वजन कुठवर न्यायचं आणि तिथे टिकवायचं, देखरेखीशिवाय जेवायला कधी शिकवायचं, घरच्यांना काय शिकवायचं, आणि नंतर दिवसाच्या केंद्रात पायरीपायरीने कसं उतरवायचं. अर्ध्यात सोडलं तर ती पुन्हा इथेच येईल, आणि कदाचित अधिक वाईट अवस्थेत, हेही स्पष्ट. एकही विशेषण नाही. मी वाचलं आणि माझ्या आक्रोशाची मला लाज वाटली. चार वाजायला दहा मिनिटं असताना सगळं गेलं.

गुरुवारी काहीच नाही. शुक्रवारी सकाळी भावजी रजा टाकून बाकावर. नर्सने विचारलं, सामान भरायचं का? टाचणी म्हणाली, “थांबा.” अकरा वाजता डॉक्टरीणबाईंना कंपनीच्या दुसऱ्या डॉक्टरचा फोन आला, या वेळी याच आजारावर काम करणारा. दार अर्धं उघडं होतं. माझी चूक नाही.

“हो, झोपेतली... तक्ता तिसऱ्या पानावर. हो... आईचं? आईचं निवेदन जोडलंय. काय?” मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. “हो, शिवणकामाची वही. बावीस.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाही, डॉक्टर, मीही अशी नोंद याआधी पाहिलेली नाही.”

दुपारी तीनला उत्तर आलं. आठ आठवडे मागितले होते, तीन मिळाले. दर आठवड्याला आढावा, दर आठवड्याला कंपनीचा फोन. वजन ठरल्याप्रमाणे वाढलं नाही तर ‘प्रगती नाही’, वाढलं तर ‘गरज नाही’ असं ते कधीही म्हणू शकतात, आणि मग पुन्हा पत्र, पुन्हा बहात्तर तास. फाइलबाई म्हणाली, “तीन म्हणजे खूप. नवा फोल्डर करते.” आणि केला. जाड.

भावजींनी “तीन” असं दोनदा म्हटलं आणि पिशवी खांद्याला लावली. आनंद झाला म्हणावं असं काही नव्हतं. आगीतून फुफाट्यात नाही, पण फुफाट्यातून सावलीतही नाही.

गुबीला सांगितलं तेव्हा ती आईला एकच वाक्य बोलली. “तू माझी मापं लोकांना दाखवलीस.” त्यानंतर आठवडाभर आई भेटायला गेली की ती भिंतीकडे तोंड करून बसे. पाय मात्र चालू.

पुढल्या बुधवारी नर्सने टाचणीकडे एक पिशवी दिली. आत गुबीची निळी पायजमा-पँट, कंबरेला दोन टाचण्या, आणि चिठ्ठी: ‘आत घे.’ त्या दोन टाचण्या तिला कुठून मिळाल्या याची वॉर्डात चौकशी झाली, ते वेगळं. टाचणीने ती पँट घरी आणली, मशीनवर ठेवली. मी दारातून बघत होते. तिने शिवणीवर बोट फिरवलं, मशीनच्या सुईजवळचा दाब उचलला, खाली केला. मग टाचण्या काढल्या, पँट घडी केली आणि जशी होती तशी पिशवीत घातली. चिठ्ठीच्या मागे काय लिहिलं ते मला दिसलं नाही, आणि या वेळी मी मान लांब केली नाही.

“येईल रागावून,” मी म्हटलं.

“आहेच रागावलेली.”

थोड्या वेळाने तिचा फोन वाजला. आढाव्याचा दिवस. टाचणीच्या ओठांत टाचण्या होत्या, एका गिऱ्हाइकाचं जाकीट अर्धं. ती त्या एकेक करून काढून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचायला लागली. एक, दोन, तीन. फोन वाजतोय. चार, पाच. तिने स्पीकर लावला, हात मोकळे राहावेत म्हणून. की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

“नमस्कार मॅडम,” तीच गोड मुलगी. “आपल्या मुलीची तब्येत आता कशी आहे?”

टाचणीने जिन्याकडे पाहिलं. सवयीने तोंड उघडलं, ‘ब’पर्यंत ओठ मिटलेसुद्धा.

“बरी नाही,” ती म्हणाली. “तुमच्याकडे वेळ आहे ना? मग लिहून घ्या.”